मनगटाच्या फोटोवरून बांगडीचे आणि घड्याळाचे माप ठरवता येते का?

ओंजळ (धागाकर्ती)

नमस्कार. मला माझ्या थोरल्या बहिणीसाठी दोन वस्तू घ्यायच्या आहेत: एक न उघडणारी, सलग धातूची बांगडी आणि एक मनगटी घड्याळ. बांगडी साधारण १२ मिलिमीटर रुंद पट्टीची आहे आणि एकदा घडवल्यावर तिचे माप बदलता येणार नाही, त्यामुळे अंदाजाने घ्यायचे धाडस होत नाही. भेट अगोदर कळू नये म्हणून मी तिच्याकडे काहीतरी निमित्त काढून मनगटाचा फोटो मागवला. तिने तळहात टेबलावर पालथा ठेवून, शेजारी एक बँकेचे कार्ड ठेवून वरून फोटो काढला आहे. कार्डाची लांबी ८५.६ मिलिमीटर असते, त्या प्रमाणात मी मनगट मोजले तर रुंदी ६१ मिलिमीटर आली. करंगळीच्या बाजूचे गोल हाड फोटोत चांगले वर आलेले दिसते.

बांगडी दोन-चार आणि दोन-सहा या दोन मापांत मिळते आहे. घड्याळाची वरच्या लगच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगाच्या, टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी ४८ मिलिमीटर आहे. या फोटोवरून कोणते माप घ्यावे, आणि घड्याळ तिच्या हाताला मोठे होईल का, हे कृपया सांगावे.

रानजाई

यात फारसे अवघड काही नाही. बांगडीच्या मापातला पहिला आकडा इंच असतो आणि दुसरा इंचाचे सोळावे भाग, आणि हे माप आतल्या व्यासाचे असते. म्हणजे दोन-चार ही सव्वादोन इंच, अर्थात ५७.१५ मिलिमीटर, आणि दोन-सहा ही ६०.३ मिलिमीटर. तुमच्या बहिणीचे मनगट ६१ मिलिमीटर आहे, म्हणून दोन-सहा घ्यावी, ती अंगासरशी बसेल. घड्याळासाठी ६१ ला ३.१४ ने गुणले की घेर १९ सेंटीमीटरच्या आसपास येतो. एवढ्या मनगटावर ४८ मिलिमीटरचे घड्याळ शोभून दिसेल, निर्धास्तपणे घ्या.

लंबक

मी गेली बरीच वर्षे घड्याळे दुरुस्त करतो आणि पट्टे कमीजास्त करून देण्याचे काम रोज करतो, म्हणून थांबवतो आहे. बांगडीच्या मापाचा अर्थ रानजाई यांनी बरोबर सांगितला आहे, पण पुढचा हिशोब मनगट गोल आहे असे धरून केला आहे, आणि मनगट गोल नसते. ते वरून रुंद आणि बाजूने पाहिले तर चपटे असते. रुंदीलाच व्यास मानून घेर काढला की तो नेहमी खऱ्यापेक्षा मोठा येतो. १९ सेंटीमीटरचा घेर हा चांगल्या आडव्या बांध्याच्या पुरुषाच्या मनगटाचा असतो. ओंजळ, तुमची बहीण तशी आहे का?

दुसरी चूक फोटोतच आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. कार्ड टेबलावर पडलेले आहे, पण मनगटाची सगळ्यांत रुंद कड टेबलावर नाही. ती मनगटाच्या जाडीच्या मध्यावर, म्हणजे टेबलापासून सुमारे २ सेंटीमीटर उंचीवर आहे. कॅमेऱ्याला जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे कार्डाच्या मापाने मोजलेले मनगट फुगून येते. किती फुगते हे कॅमेरा किती लांब होता त्यावर अवलंबून आहे. तिने फोटो किती अंतरावरून काढला, हे विचारता येईल का?

ओंजळ

बहीण मुळीच आडव्या बांध्याची नाही, उलट सडसडीत आहे. अंतर विचारले, तर वीतभरापेक्षा थोड्या जास्त उंचीवर फोन धरला होता असे ती म्हणाली.

लंबक

म्हणजे २५ सेंटीमीटर धरू. टेबल कॅमेऱ्यापासून २५० मिलिमीटरवर आणि मनगटाची कड साधारण २३० मिलिमीटरवर. २३० ला २५० ने भागले की ०.९२ येतात, आणि ६१ ला त्याने गुणले की ५६. कार्ड खरे असूनही ५ मिलिमीटरची चूक झाली ती अशी. बांगडीच्या दोन मापांतले अंतरच मुळात ३.२ मिलिमीटर आहे, तेव्हा या एका कारणाने माप दीड पायरी पुढे सरकते. हाच फोटो एक मीटरवरून काढला असता, तर चूक सव्वा मिलिमीटरच्या आत राहिली असती.

म्हणून तिला पुन्हा फोटो काढायला सांगता आले तर असे सांगा. कार्ड टेबलावर न ठेवता मनगटाच्या शेजारी २ सेंटीमीटर जाडीच्या वहीवर ठेवावे, म्हणजे ते मनगटाच्या कडेच्या उंचीवर येईल. फोन दुसऱ्या कोणीतरी किमान एक मीटर वर धरावा आणि जवळ नेण्याऐवजी दुप्पट झूम करावे. मनगट आणि कार्ड दोन्ही चौकटीच्या मध्यभागी असावीत, कारण कडेला भिंग आकार ताणते. मग हात करंगळीच्या कडेवर उभा ठेवून तसाच आणखी एक फोटो घ्यावा, त्यात वरून मनगटाची जाडी दिसेल. या दुसऱ्या वेळी मात्र कार्डाखाली ३ सेंटीमीटरची थप्पी हवी, कारण हात उभा केल्यावर कड अधिक उंचावर जाते. ही गोष्ट लोक हमखास विसरतात.

आणि माप कोणत्या रेषेवर घ्यायचे तेही महत्त्वाचे आहे. ते गोल हाड फोटोत स्पष्ट दिसते म्हणून लोक त्याच्यावरूनच रेष ओढतात. घड्याळ त्या हाडावर बसत नाही, हाडाच्या कोपराकडच्या बाजूला बसते. हाडाच्या टोकापासून कोपराकडे साधारण बोटभर मागे रेष घ्यावी.

सायंतारा

मनगटाच्या रुंदीवरून माणसाची हाडे जड आहेत की हलकी, हे ओळखण्याची एक जुनी रीत आहे. अंगठा आणि मधले बोट यांनी दुसऱ्या हाताच्या मनगटाला वेढा घालावा. बोटे एकमेकांवर चढली तर बांधा हलका, नुसती टेकली तर मध्यम आणि टेकलीच नाहीत तर जड. तुमच्या बहिणीचे हाड वर आलेले दिसते याचा अर्थ तिची हाडे जड असावीत, त्यानुसार तिने आपल्या वजनाचे प्रमाण ठरवावे.

लंबक

सायंतारा, येथे प्रश्न वजनाचा नाही, मापाचा आहे. पण हाडाचा मुद्दा तुम्ही काढला ते बरे झाले. ते हाड वर दिसणे म्हणजे हाडे जड असणे नव्हे. तळहात पालथा असला की ते हाड वर येते आणि तळहात उताणा केला की तेच हाड जवळजवळ नाहीसे होते. कारण हात फिरवताना अंगठ्याच्या बाजूचे हाड दुसऱ्या हाडाभोवती फिरते आणि मनगटाची ठेवणच बदलते. स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून हात उलटासुलटा करून पाहिला की हे लगेच जाणवते. सडसडीत माणसाच्या हातावर मांस कमी, त्यामुळे हाड उलट जास्त उठून दिसते.

घड्याळाच्या दृष्टीने त्याचा उपयोग वेगळा आहे. हाड ठळक असेल तर ते घड्याळाला अडसराचे काम करते. पट्टा सैल असेल तर घड्याळ हाडावर चढते, आणि हात वर वळवला की चावीचे बोंडूक पंज्याच्या मागच्या बाजूला रुतते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण घड्याळ मोठे झाल्याची तक्रार करतात, आणि पट्टा एक भोक घट्ट केला की तक्रार मिटते.

काकणमाळ

आमच्या घरी दोन पिढ्या बांगड्या भरण्याचे काम होते, मी लहानपणापासून हात पाहत आले आहे. घड्याळाबद्दल लंबक सांगतात ते योग्यच असेल, पण बांगडीसाठी आपण सगळे चुकीच्या जागेचा फोटो पाहतो आहोत. न उघडणारी बांगडी मनगटावर बसते खरी, पण तिला आधी पंज्यातून जायचे असते. मनगट ५६ मिलिमीटर असो किंवा ६१, त्याने तिचे माप ठरत नाही. अंगठा आत दुमडून करंगळीच्या मुळाकडे नेला की बोटांच्या मुळांची हाडे आणि अंगठ्याचा मांसल उंचवटा मिळून जो सगळ्यांत जाड भाग होतो, त्याचा घेर बांगडीचे माप ठरवतो. बारीक मनगटाच्या आणि रुंद पंज्याच्या कितीतरी स्त्रिया मी पाहिल्या आहेत. त्यांना बांगडी चढवताना कष्ट पडतात आणि चढल्यावर ती कोपराकडे धावते.

मनगटाचा फोटो कामाचा आहे तो बिजागरीच्या किंवा पेचाच्या कड्यासाठी, कारण ते उघडून मनगटाभोवती मिटवायचे असते. तेथे रुंदी आणि जाडी दोन्ही लागतात, आणि लंबवर्तुळाकार कडे असेल तर ती वेगवेगळी लागतात.

तुमच्यासाठी सोपा उपाय सांगते. बहीण रोज जी बांगडी घालते, ती काढून कार्डाशेजारी टेबलावर ठेवून वरून फोटो मागवा. बांगडी चपटी पडलेली असते, तिची उंची काही मिलिमीटरच असते, त्यामुळे उंचीची जी अडचण लंबक यांनी सांगितली ती येथे नगण्य होते. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा, उभे आणि आडवे दोन्ही, कारण रोजच्या वापरातली बांगडी थोडी चेपलेली असू शकते. दोन्हींची सरासरी घ्या. आणि तिला एवढेच विचारा, की ही बांगडी हातात जाताना अडते का.

धुके

जुन्या बांगडीवर विसंबण्याआधी माझा अनुभव वाचावा. मी आईसाठी तिच्या डब्यातल्या जुन्या बांगडीचे माप देऊन नवी घडवून घेतली. माप अगदी बरोबर उतरले होते, पण बांगडी तिच्या हातात गेलीच नाही. मनगट पूर्वीइतकेच होते, मात्र मधल्या काळात संधिवाताने तिच्या बोटांच्या मुळाशी सूज आली होती. ती जुनी बांगडी तिने कित्येक दिवसांत काढलेली किंवा घातलेली नव्हती, हे मी विचारलेच नव्हते. साबण लावून प्रयत्न केला तेव्हा तिला झालेला त्रास आठवला की अजून वाईट वाटते. शेवटी ती बांगडी कापून तिला बिजागरी बसवावी लागली.

काकणमाळ

धुके, तुमचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच मी रोज घालायची बांगडी म्हटले. रोज निघते आणि रोज चढते तीच बांगडी माप म्हणून चालते, डब्यातली किंवा हातात अडकून राहिलेली चालत नाही. सांधे दुखत असतील तर न उघडणारी बांगडी घेऊच नये.

ओंजळ

सर्वांचे मनापासून आभार. गुपित आता अर्धे फुटले आहे, पण बहिणीने उत्साहाने सगळे फोटो पुन्हा काढून दिले. सांगितल्याप्रमाणे एक मीटरवरून, वहीवर कार्ड ठेवून मनगटाची रुंदी ५६.५ मिलिमीटर आली आणि उभ्या हाताच्या फोटोत जाडी ३९ मिलिमीटर. रोजच्या बांगडीचा आतला व्यास उभा ६०.५ आणि आडवा ६० मिलिमीटर मिळाला. ती म्हणते की बांगडी न अडता जाते, किंबहुना भांडी घासताना ती कोपराकडे सरकवून ठेवावी लागते. तिने दोऱ्याने दुमडलेल्या पंज्याचा घेरही मोजला, तो १८६ मिलिमीटर भरला. सांधे दुखत नाहीत.

तिच्या जुन्या घड्याळाचाही फोटो आहे, ते कार्डाशेजारी सपाट पसरून ठेवले आहे. पट्ट्याच्या एका भोकाजवळ चामडे वाकून काळे पडले आहे आणि ते भोक ओढून लांबट झाले आहे.

लंबक

फोटो उत्तम आहेत. पहिल्या फोटोतून हिशोबाने ५६ आले होते, नीट काढलेल्या फोटोत ५६.५ आले. म्हणजे तो हिशोब जमला.

आता घेर. रुंदी आणि जाडी यांची सरासरी काढा, ती पावणेअठ्ठेचाळीस येते. तिला ३.१४ ने गुणले की १५० मिलिमीटर. खरे मनगट अंड्याच्या आकारापेक्षा किंचित चौकोनी असते, म्हणून त्यात दोन ते पाच मिलिमीटर मिळवावे लागतात. १५२ ते १५५ धरायला हरकत नाही. १९ सेंटीमीटरच्या अंदाजाशी तुलना करून पाहा, म्हणजे जाडी न मोजण्याचा परिणाम किती मोठा आहे ते लक्षात येईल.

जुन्या घड्याळातले ते लांबट झालेले भोक मला या सगळ्या मोजमापाइतकेच मोलाचे वाटते. बकलच्या दांड्यापासून त्या भोकापर्यंत, मधल्या घड्याळासकट, सपाट लांबी मी तुमच्या फोटोवर मोजली, ती १६२ मिलिमीटर आहे. पट्ट्याच्या जाडीमुळे बाहेरचा घेर पाच-सहा मिलिमीटर जास्त असतो आणि थोडा सैलपणा असतो. ते वजा केले की पुन्हा आपण १५४ च्या आसपासच येतो. दोन स्वतंत्र मार्गांनी एकच आकडा आला, त्यामुळे पट्ट्याबाबत मी निश्चिंत आहे.

राहिला ४८ मिलिमीटर लांबीचा प्रश्न. मनगटाची रुंदी ५६.५ असली तरी ती सगळी सपाट नसते, दोन्ही कडांना उतार लागतो. घड्याळ बसते ते वरच्या सपाट भागावर, आणि तो सपाट भाग रुंदीचा आकडा पाहून सांगता येत नाही. जाड पुठ्ठ्याची ४८ मिलिमीटर लांबीची पट्टी कापून बहिणीला मनगटावर आडवी ठेवायला सांगा, आणि मनगटाच्या पातळीवरून, समोरून फोटो घ्यायला सांगा. पट्टीची टोके अधांतरी राहिली तर लगही तशीच राहतील. वरून काढलेल्या फोटोवर यासाठी विश्वास ठेवू नका. जवळून काढलेल्या फोटोत घड्याळ कॅमेऱ्याच्या अधिक जवळ असते आणि मनगटाच्या कडा मागे असतात, त्यामुळे योग्य मापाचे घड्याळही मोठे दिसते.

रानजाई

मनगट गोल धरण्यात माझी चूक झाली, हे मान्य आहे. तरीही बांगडीचे माप दोन-सहाच निघाले, हे नमूद करावेसे वाटते.

काकणमाळ

रानजाई, निघाले खरे, पण ते फुगलेल्या मनगटाचा आकडा आणि पंज्याचा आकडा जवळजवळ आल्यामुळे. तिचा पंजा रुंद असता तर तुमच्याच हिशोबाने घेतलेली बांगडी अर्ध्यात अडली असती.

ओंजळ, तुमच्या बहिणीचे माप दोन पायऱ्यांच्या मध्ये पडते आहे. दोन-चारचा आतला घेर साडेएकोणऐंशी अधिक शंभर, म्हणजे १७९.५ मिलिमीटर असतो, आणि दोन-सहाचा १८९.५ च्या जवळ. पंजा १८६ आहे. मऊ हात दाबला जातो, त्यामुळे दोन-चार थोड्या ओढाताणीने जाऊ शकेल. पण तुमची बांगडी १२ मिलिमीटर रुंद आहे. बारीक बांगडी तिरकी करून एक एक हाड ओलांडत नेता येते, रुंद पट्टी तशी तिरकी होत नाही आणि एकाच वेळी जास्त भाग अडवते. म्हणून मी दोन-सहा घेईन.

अंगणवेल

माझे मत वेगळे आहे. दोन-सहा तिला आताच सैल होते, कोपराकडे सरकवावी लागते, असे तीच सांगते. रुंद आणि जड बांगडी सैल असेल तर ती दिवसभर त्या वर आलेल्या हाडावर आपटत राहील. माझे हाड असेच आहे आणि जड सैल कड्याने तेथे रोज लाल वण उमटत असे. हात थंड असताना, सकाळी, दोन-चारचे एखादे कडे घालून पाहिल्याशिवाय दोन-सहा ठरवू नये असे मला वाटते.

काकणमाळ

हाडावर आपटण्याचा त्रास होतो, हे खरे आहे. पण सकाळी थंड हातावर गेलेली बांगडी उन्हात किंवा कामाने हात सुजल्यावर निघाली नाही, तर तो त्रास त्याहून मोठा असतो. बहिणीने पंजाचा घेर संध्याकाळी पुन्हा मोजावा. १८८ च्या वर गेला, तर दोन-चारचा विचारही करू नये. १८६ च राहिला, तर अंगणवेल यांच्या म्हणण्याप्रमाणे एखादे दोन-चारचे कडे उसने घेऊन घालून पाहायला माझी हरकत नाही.

ओंजळ

पुठ्ठ्याची पट्टी झाली. ४८ मिलिमीटरची पट्टी ठेवल्यावर दोन्ही टोकांखालून उजेड दिसतो, अंगठ्याच्या बाजूला अधिक. मग तिने पट्टी दोन-दोन मिलिमीटरने कापत आणली, तेव्हा ४४ वर ती टेकली. त्यामुळे ते घड्याळ मी रद्द केले आहे आणि ४३ ते ४४ मिलिमीटर लांबीचे पाहते आहे. एक ४६ चे घड्याळ मनात भरले आहे, त्याच्या लग खाली वळलेल्या आहेत. त्या वळणामुळे ते चालेल का?

लंबक

लग खाली वळलेल्या असतील आणि पट्टा लगच्या टोकापासून लगेच खाली पडत असेल, तर ४६ चालू शकेल. पण धातूचा पट्टा असेल तर त्याचा पहिला दुवा खाली वळतो का ते पाहावे लागेल. तो आडवा ताठ राहत असेल तर मनगटावर प्रत्यक्ष लांबी ४६ राहत नाही, दुव्याची लांबी दोन्ही बाजूंना वाढते. त्या घड्याळाचा समोरून नव्हे तर बाजूने काढलेला फोटो मिळाला तर येथे टाका.

ओंजळ

उद्या टाकते. संध्याकाळचे माप आत्ताच आले आहे: पंजा १८७ मिलिमीटर.